मथळ्याखालची तुमची एक ओळ

मुलांनो, आज आधी माझीच एक फजिती सांगते. हसू आलं तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

गोष्ट २०१९ च्या जुलै महिन्यातली. माझ्याकडे तेव्हा तिसरीचा वर्ग होता. पट चौतीस. वर्गातल्या मुलांच्या पालकांचा मोबाईलवर एक गट होता आणि शाळेचे निरोप त्यावर जायचे. त्या दिवशी दुपारपासून पाऊस कोसळत होता. संध्याकाळी घरी चहा ठेवला, तेवढ्यात एका बातमीची लिंक माझ्या मोबाईलवर आली. मथळा होता, मुसळधार पावसामुळे उद्या शाळांना सुट्टी. मी मथळा वाचला, खिडकीबाहेर पाहिलं आणि लगेच ती लिंक पालकांच्या गटात पाठवून दिली. वर लिहिलं, ‘उद्या शाळांना सुट्टी!’

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. मुख्याध्यापकांचा फोन आला, "बाई, तुमचा वर्ग कुठे गेला?" मी धावत शाळेत गेले तर वर्गात नऊ मुलं. बातमी खरी होती, पण ती दुसऱ्याच जिल्ह्याची होती. तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी दिली होती, आमच्याकडे दिलीच नव्हती. जिल्ह्याचं नाव बातमीच्या पहिल्याच वाक्यात होतं. मी ते वाक्य वाचलंच नव्हतं.

खिचडी चौतीस मुलांची शिजली आणि नऊ जणांनी खाल्ली. पण मला खरं वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. वर्गातल्या एका मुलीची आई दुसऱ्यांच्या शेतावर भातलावणीला जायची. लेक घरी एकटी राहील म्हणून ती त्या दिवशी कामावर गेली नाही आणि तिची दिवसाची मजुरी बुडाली. दोन दिवसांनी भेटल्यावर ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, तुम्ही लिहिलं म्हणून खरं मानलं."

त्या दिवसापासून मी एक शिकले. बातमी पुढे पाठवताना आपण तिच्यावर जी ओळ लिहितो, ती ओळ म्हणजे आपली सही असते. लोक बातमी वाचतात की नाही कोण जाणे, पण तुमची ओळ मात्र वाचतातच. मग त्या ओळीत काय लिहावं? आज त्याबद्दलच बोलूया. मोबाईल आईबाबांचा असला तरी बातमी पाठवायला हौशी बोटं तुमचीच असतात, हे मला पक्कं ठाऊक आहे! तेव्हा पालकहो, तुम्हीही जवळ बसा.

पाठवलेली बातमी दुसऱ्याला कशी दिसते?

आईच्या मोबाईलवर एखादी लिंक उघडण्याआधी जरा नीट बघा. बहुतेक वेळा एक चौकट दिसते. तिच्यात बातमीतलं चित्र असतं, त्याखाली ठळक अक्षरांत मथळा असतो आणि त्याखाली वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाचं नाव असतं. म्हणजे मथळा तुम्ही न लिहिताही समोरच्याला आयताच दिसतो.

आता त्यावर तुम्हीही मथळाच लिहिला तर काय होईल? बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "पुणे, पुणे," आणि शेजारचा प्रवासीही आपल्याला म्हणाला, "पुणे." ऐकून काही नवं कळलं का? नाही ना! पण तोच प्रवासी म्हणाला असता, "ही गाडी मधे अर्धा तास जेवायला थांबते बरं का," तर आपण त्याचे आभार मानले असते. कारण ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं आणि आपल्याला उपयोगी होतं.

तुमची ओळ त्या प्रवाशासारखी हवी. जे पाटीवर नाही ते तिने सांगावं.

यावर एक सोपी परीक्षा आहे. ओळ लिहून झाली की एका बोटाने मथळा झाका आणि फक्त आपली ओळ वाचा. मग उलट करा. ओळ झाका आणि फक्त मथळा वाचा. दोन्ही वेळा एकच गोष्ट कळली, तर तुमची ओळ खोडून टाका. दोन्ही वेळा वेगवेगळी गोष्ट कळली, तर ती ओळ राहू द्या.

ऐकायला हे सोपं वाटतं. करताना कुठे अडतं ते आता खऱ्या उदाहरणावरून बघू.

लोणारचं गुलाबी पाणी

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर तुम्हांला भूगोलातून माहीत असेल. फार फार पूर्वी आकाशातून एक प्रचंड दगड येऊन आदळला, आपल्या काळ्या कातळात मोठा खड्डा पडला आणि त्यात पाणी साठलं. खड्ड्याचं तोंड जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. पाणी खारट आहे. नेहमी ते हिरवट दिसतं.

जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी दिसू लागलं. त्या वेळी करोनामुळे शाळा बंद होत्या. माझी तिसरीची मुलं चौथीत गेली होती, पण शाळेत नव्हे, आपापल्या घरात! अभ्यास त्याच मोबाईलच्या गटावर चालायचा. एका दिवसात ती लोणारची बातमी आमच्या गटात सात वेळा आली. सातही जणांनी वर लिहिलं होतं, ‘लोणार सरोवराचे पाणी झाले गुलाबी!’ एकाने तीन उद्गारचिन्हं दिली होती, एवढाच काय तो फरक.

मला जुलैची फजिती आठवली. मी मुलांना सांगितलं, "आज गणित नको. ही बातमी सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा. मग बातमी बंद करा आणि तिच्यावर एक ओळ लिहून पाठवा. अट एकच. ओळीत मथळा नको."

बातमीत थोडक्यात असं होतं. पाण्याचा रंग काही दिवसांत बदलल्याचं लोकांच्या लक्षात आलं. वनखात्याने पाण्याचे नमुने तपासणीसाठी घेतले. रंग कशामुळे बदलला हे ठरलेलं नव्हतं. पाण्यातले क्षार वाढले असतील किंवा शेवाळामुळे असं झालं असेल, असा तज्ज्ञांचा अंदाज होता.

आता मुलांच्या ओळी बघा.

पहिली ओळ आली, ‘खूपच सुंदर! निसर्गाचा चमत्कार! नक्की वाचा.’ यात मथळा नाही हे खरं. पण तुम्हीच सांगा, ही ओळ ताडोबाच्या वाघाच्या बातमीवर चिकटवता येईल का? येईल. इंद्रधनुष्याच्या बातमीवर? तिथेही येईल. जी ओळ कुठल्याही बातमीवर चालते, ती या बातमीबद्दल काहीच सांगत नाही. ‘नक्की वाचा’ म्हणण्यापेक्षा काय वाचायला मिळेल ते सांगितलं, तर माणूस आपणहून वाचतो.

मी त्या मुलाला फोन केला आणि विचारलं, "तुला सुंदर काय वाटलं?" तो म्हणाला, "बाई, हिरव्याचं एकदम गुलाबी झालं ना, ते!" मी म्हटलं, "मग तेच लिही की." त्याने लिहिलं, ‘हे पाणी आधी हिरवट होतं, काही दिवसांतच गुलाबी झालं.’ बघा, आता ही ओळ फक्त लोणारचीच झाली. शिवाय पूर्वी पाणी कसं होतं हे मथळ्यात नव्हतंच.

‘कदाचित’ कुठे सांडलं?

दुसरी ओळ एका हुशार मुलीची होती. तिने बातमी खरोखर शेवटपर्यंत वाचली होती. तिने लिहिलं, ‘शेवाळामुळे लोणारचं पाणी गुलाबी झालं.’

ओळ छोटी आहे, नवी माहिती सांगते आणि मथळ्यात नसलेलं सांगते. आपल्या बोटाच्या परीक्षेत ती पास झाली. तरीही मी तिला ती बदलायला लावली. का बरं?

बातमी पुन्हा बघा. तज्ज्ञ म्हणाले होते, क्षार वाढले असतील किंवा शेवाळ असेल. हा अंदाज होता. त्या मुलीने दोन अंदाजांपैकी एक उचलला आणि त्यातलं ‘असेल’ काढून ‘झालं’ करून टाकलं. तिने मुद्दाम नाही केलं. मोठी गोष्ट एका ओळीत बसवायची तर शब्द गाळावे लागतात. आणि पहिल्यांदा नेमके कोणते शब्द गळतात ठाऊक आहे? ‘कदाचित’, ‘असावं’, ‘अंदाज आहे’, ‘अजून तपास चालू आहे’. दिसायला हे शब्द चिमुकले, पण ते गळले की बातमीच बदलते.

मग आम्ही दोघींनी मिळून ओळ दुरुस्त केली. आधी ती अशी झाली, ‘पाणी का बदललं हे अजून ठरलेलं नाही, क्षार वाढले असतील किंवा शेवाळामुळे असेल, म्हणून वनखात्याने पाण्याचे नमुने तपासायला घेतले आहेत असं बातमीत लिहिलं आहे.’ ओळ खरी झाली, पण केवढी लांब! वाचता वाचता धाप लागते. कमी काय करता येईल? ‘बातमीत लिहिलं आहे’ हे काढता येईल, कारण बातमी खालीच आहे. वनखात्याचं नावही बातमीत मिळेल. मग उरलं ते असं, ‘कारण अजून कळलेलं नाही. नमुने तपासायला घेतलेत. क्षार किंवा शेवाळ असावं असा अंदाज आहे.’

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या चार शब्दांत आली हेही पाहा. मोबाईलच्या पडद्यावर निरोप आल्याची सूचना येते, तेव्हा तिच्यात निरोपाचा सुरुवातीचाच भाग मावतो. म्हणून महत्त्वाचं शेवटी ठेवू नये.

ती मुलगी जरा नाराज झाली होती. "बाई, एका शब्दाने काय होतंय?" असं तिने विचारलं. त्याचं उत्तर मी दिलं नाही. ते महिन्याभरात आपोआप मिळालं. जुलै २०२० मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीचा निष्कर्ष वर्तमानपत्रांत आला. पाण्याला गुलाबी रंग देणारे होते हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. त्यांना खूप खारट पाणी मानवतं आणि ते गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. पाऊस नव्हता, उष्णतेने पाणी आटलं, त्यामुळे खारटपणा वाढला आणि त्या जिवांची संख्याही वाढली.

म्हणजे शेवाळ नव्हतंच! पहिली ओळ तशीच राहिली असती तर ती चुकीची ठरली असती. दुरुस्त केलेली ओळ मात्र जूनमध्येही खरी होती आणि आज वाचली तरी त्या दिवसापुरती खरीच आहे. निष्कर्ष आल्यावर त्या मुलीने स्वतःच गटात नवी बातमी टाकली आणि वर लिहिलं, ‘मागे अंदाज होता तो शेवाळाचा. आता तपासणीत मिठात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले.’ जुन्या बातमीची नव्या बातमीशी गाठ घालून देणारी ओळ! अशी ओळ मथळा देऊच शकत नाही, कारण गेल्या महिन्यात आपल्या गटात काय बोलणं झालं हे मथळा लिहिणाऱ्याला कुठून माहीत असणार?

बातमीत नसलेलं, पण तुमच्याकडे असलेलं

तिसरी ओळ वाचून तर मी खूश झाले. एका मुलाच्या आजीचं माहेर लोणारजवळचं. त्याने बातमी आजीला वाचून दाखवली आणि आजी काय म्हणाली ते लिहून पाठवलं. ‘माझी आजी लहानपणी तिथे जायची. ती सांगते, उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठावर पांढरा खारट थर दिसायचा.’

ही गोष्ट बातमीत कुठेही नव्हती. पण ती बातमीशी पक्की जुळत होती, कारण बातमीत क्षार वाढल्याचा अंदाज होता आणि आजीने तो क्षार डोळ्यांनी पाहिला होता. शिवाय त्या मुलाने ‘माझी आजी सांगते’ असं आधीच लिहिलं. त्यामुळे वाचणाऱ्याला कळलं की हे बातमीतलं नाही, आजीच्या आठवणीतलं आहे. हे फार महत्त्वाचं आहे हं. बातमीतलं, घरातलं आणि आपल्या मनातलं या तिघांची सरमिसळ करू नये. आजीची आठवण असेल तर ‘आजी सांगते’ म्हणा. तुमचा तर्क असेल तर ‘मला वाटतं’ म्हणा. काहीच म्हटलं नाही, तर लोक ते बातमीतलंच समजतात.

तो मुलगा पुढे असंही लिहिणार होता, ‘म्हणून आजीच्या वेळीही पाणी गुलाबी झालं असणार.’ मी विचारलं, "आजीने पाहिलं होतं का?" तो आजीला विचारून आला. आजी म्हणाली, "छे रे, मी नाही पाहिलं." मग ते वाक्य त्याने गाळलं. पाहिलेलं तेवढंच सांगायचं, त्यापुढचं नाही.

चौथी ओळ म्हणजे एक प्रश्न होता. ‘हे पाणी बाटलीत भरून आणलं, तर घरी आल्यावरही गुलाबीच राहील का? कोणाला माहीत आहे का?’

काही पालकांना वाटलं, हा काय पोरकट प्रश्न! पण या प्रश्नावर गटात जेवढं बोलणं झालं तेवढं सात वेळा आलेल्या मथळ्यावर झालं नव्हतं. एका मुलाचे बाबा रंगाच्या दुकानात कामाला होते. ते म्हणाले, "रंग पाण्यात विरघळलेला असेल तर राहील, नुसता तरंगत असेल तर खाली बसेल." आणि गंमत ऐका. जुलैत निष्कर्ष आला त्यातही हीच गोष्ट होती! प्रयोगशाळेत पाणी स्थिर ठेवल्यावर ते सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचं पाणी स्वच्छ, नितळ झालं.

पण प्रश्न विचारतानाही एक पथ्य पाळायचं. ज्याचं उत्तर बातमीतच आहे तो प्रश्न विचारू नये. ‘हे सरोवर कुठे आहे?’ असं लिहिलं तर सरळ कळतं की स्वारीने बातमी उघडलेलीच नाही! बातमी वाचून संपल्यावरही जो प्रश्न मनात उरतो, तो विचारावा.

तारीख आणि गाव

आता माझ्या फजितीकडे परत वळूया. लोणारची बातमी चुकली तर कोणाची मजुरी बुडत नाही. पण सुट्टी, परीक्षा, पाणीपुरवठा, बंद रस्ता, पूर अशा बातम्यांचं तसं नाही. त्या वाचून माणसं लगेच काहीतरी करतात. अशा बातमीवरच्या ओळीत दोन गोष्टी असल्याच पाहिजेत. ती कुठली आणि ती कधीची.

मथळ्यात या दोन गोष्टी पुष्कळदा नसतात, कारण जागा थोडी असते. छापील वर्तमानपत्रात फारसं अडत नाही. आपल्या गावात आपल्या जिल्ह्याची आवृत्ती येते आणि पानावर तारीख छापलेली असते. पण लिंक कुठूनही येते आणि कधीही येते. तीन वर्षांपूर्वीची बातमी आज आली तरी चौकटीत चित्र आणि मथळा तसाच ताजा दिसतो. तारीख बघायला बातमी उघडावीच लागते. ती बहुधा मथळ्याच्या खाली, बारीक अक्षरांत असते.

लिंक तुम्हांला दुसऱ्याकडून आली असेल, तर आणखी एक खूण बघा. व्हॉट्सॲपवर एखादा निरोप एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा पाच किंवा जास्त टप्पे फिरून आला, की त्यावर दुहेरी बाणाची खूण येते आणि तो अनेकदा पुढे पाठवला गेल्याचं लिहिलेलं असतं. खूण आहे म्हणून निरोप खोटा ठरत नाही. पण तो पहिल्यांदा कोणी आणि कधी पाठवला हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून तारीख आणि गाव दोनदा तपासायचं.

जुनी बातमी पाठवूच नये असंही नाही. उन्हाळ्यात लोणारचा विषय निघाला आणि २०२० ची बातमी पाठवावीशी वाटली तर जरूर पाठवा. फक्त ओळीची सुरुवात ‘ही २०२० ची बातमी आहे’ अशी करा. एवढ्याने कोणी गाडी काढून गुलाबी पाणी बघायला धावणार नाही.

मग त्या जुलै महिन्यात मी काय लिहायला हवं होतं? दोन पर्याय होते. एक, ‘ही सुट्टी शेजारच्या जिल्ह्यात आहे. आपल्याकडे अजून आदेश नाही, शाळा नेहमीप्रमाणे भरेल.’ दुसरा, काहीच न पाठवणं. आज मला दुसरा पर्याय जास्त आवडतो. आमच्या पालकांना त्या बातमीचा काही उपयोगच नव्हता. ओळ लिहायला बसल्यावर ‘आपल्या गटाला हे कशाला?’ याचं उत्तर सुचलं नाही, तर ती बातमी न पाठवणंच बरं.

ओळ जमली की नाही, कसं ओळखाल?

तुमची ओळ कशी झाली हे येणाऱ्या उत्तरांवरून कळतं. पहिलं उत्तर ‘कधीची बातमी?’ किंवा ‘कुठली?’ असं आलं, तर समजा तुम्ही तारीख किंवा गाव सांगायला विसरलात. लगेच लिहून टाका, लाजू नका. ‘म्हणजे आता काय करायचं?’ असं कोणी विचारलं, तर ओळीने लोकांना नुसतं घाबरवलं आणि माहिती दिली नाही. नुसते अंगठे आले, तर लोकांनी मथळा बघितला आणि पुढे गेले. पण कोणी म्हणालं, ‘अरे, माझ्या मामाच्या गावी पण असंच झालं होतं,’ किंवा कोणी तुमच्या प्रश्नाला उत्तर शोधून आणलं, तर ओळ जमली. मग पाठीवर थाप मारून घ्यायला हरकत नाही.

आणि ओळ चुकली तर? पुसून टाकून गप्प बसू नका. तोवर कोणी ना कोणी ती वाचलेली असते. त्याच गटात लिहा, ‘माझी ओळ चुकली होती, बरोबर असं आहे.’ मी त्या सकाळी शाळेतून आधी हेच केलं. त्यामुळे दुपारपर्यंत आणखी सहा मुलं वर्गात आली. मजुरी मात्र परत आली नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात, मुलं घरूनच शिकत होती तेव्हा, एका संध्याकाळी गटात नदीच्या पुराची बातमी आली. मथळा होता, नदीने धोक्याची पातळी ओलांडली. वर एका आईने लिहिलं होतं, ‘ही आपली नदी नव्हे, नाव सारखं आहे. बातमी सकाळची आहे.’ ओळ कोणाची, माहीत आहे? लावणीला जाणाऱ्या त्याच आईची! मी नुसतं वाचत राहिले.

या आठवड्यासाठी काम

आता वही काढा. एक बातमी देते. ११ जुलै २०२५ रोजी शिवरायांच्या काळातल्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मथळा असा धरा, ‘मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत’. किल्ले आहेत साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी.

यादी दोनदा वाचा, नकाशा उघडा आणि मथळ्यात नसलेलं एक वाक्य शोधा. जास्तीत जास्त वीस शब्द. ‘अभिमानास्पद’ हा शब्द वापरायचा नाही, कारण तो सगळेच वापरतील! तुम्ही यांपैकी एखादा किल्ला चढला असाल, तर तिथे डोळ्यांनी काय पाहिलं ते लिहा. नसाल चढला, तर यादीतच काहीतरी लपलं आहे.

सुचलं नाही तर ही घ्या एक ओळ, पण आधी स्वतः प्रयत्न करा हं. ‘बारापैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा जिंजी मात्र तमिळनाडूत! शिवरायांचा किल्ला तिकडे कसा?’

या प्रश्नाचं उत्तर मी सांगणार नाही. घरात ज्याला इतिहास येतो त्याला विचारा आणि मिळालेलं उत्तर त्याच ओळीखाली लिहा. कोणाकडून कळलं, त्याचं नावसुद्धा लिहायला विसरू नका.